पगारातली न कळणारी कपात, थकलेला इन्सेंटिव्ह आणि एचआरला द्यायचे पत्र

प्रश्न : पुण्यातील एका खासगी कंपनीत विक्री विभागात नोकरी चालू आहे. पगार 32,000 रुपये. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये हातात अनुक्रमे 28,600, 28,500 आणि 28,600 रुपये आले. पगारपत्रकात ‘इतर कपात’ एवढेच लिहिले आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचा इन्सेंटिव्ह जानेवारीच्या पगाराबरोबर मिळायचा होता, तोही आलेला नाही. विचारले की ‘बघतो’ असे उत्तर मिळते. एचआरला पत्र कसे लिहावे?

उत्तर : पत्राआधी पगारपत्रकाची आकडेमोड करावी लागते. 32,000 रुपयांतून भविष्य निर्वाह निधीचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 वजा जाता 30,000 उरतात. महाराष्ट्रात फेब्रुवारीचा व्यवसाय कर 300 रुपये असतो, त्यामुळे त्या महिन्यातली जादा 100 रुपयांची घट रास्त आहे. ती तक्रारीत घातली तर एचआर पहिले बोट तिच्यावरच ठेवेल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. खरी अडचण दरमहा 1,400, म्हणजे तीन महिन्यांत 4,200 रुपयांची आहे.

पत्र एकच असले तरी त्यातल्या दोन मागण्या वेगळ्या परिच्छेदांत मांडाव्यात, कारण दोन्हींचा कायदेशीर पाया निराळा आहे. पगारातून कोणत्या कारणांसाठी पैसे कापता येतात हे 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम 18 मध्ये ठरवून दिले आहे. कापलेले पैसे त्यांपैकी कशात बसतात हे मालकाने सांगायचे असते. ‘इतर’ हे कारण होत नाही. म्हणून कपातीबद्दल बाजू मांडत बसण्याची गरज नसते, नेमके विचारावे : ‘जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत ‘इतर कपात’ या नावाखाली दरमहा 1,400 रुपये वजा झाले आहेत. ही कपात कोणत्या कारणासाठी व कोणाच्या आदेशाने झाली, ते लेखी कळवावे. कारण नसल्यास 4,200 रुपये पुढील पगारात परत करावेत.’

समजा उत्तर आले की कंपनीच्या टॅबची फुटलेली काच बदलण्याचा 8,400 रुपये खर्च सहा हप्त्यांत वसूल होत आहे. तरीही कपात आपोआप वैध ठरत नाही. वस्तू त्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलेली असावी, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेले असावे आणि कापण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळालेली असावी, अशा अटी आहेत. नोटीस न देता सुरू झालेला हप्ता इथेच अडतो. दुसऱ्या पत्रात मग एवढेच विचारावे की नोटीस कोणत्या तारखेला दिली होती.

इन्सेंटिव्हचे गणित उलटे आहे. तो देय झाला हे आधी कर्मचाऱ्याला दाखवावे लागते आणि त्यासाठी योजनेचा मूळ मजकूर हाताशी लागतो. योजनेत 6 लाखांच्या उद्दिष्टापुढे गेल्यास एकूण विक्रीवर 2 टक्के असे लिहिले असेल आणि विक्री 6,84,000 झाली असेल, तर मागणी 13,680 रुपयांची. पत्रात योजनेच्या ईमेलची तारीख, विक्रीचा आकडा आणि ही आकडेमोड द्यावी. बहुतेक योजनांत बारीक अक्षरांत अटी असतात : ग्राहकाचे पैसे जमा झालेले असावेत किंवा रक्कम देण्याच्या दिवशी कर्मचारी नोकरीत असावा. दुसरी अट असेल तर वैतागून राजीनामा देणे महागात पडू शकते. पत्र नोकरीत असतानाच गेले पाहिजे. रक्कम व्यवस्थापनाच्या मर्जीवर असल्याचे योजनेतच लिहिले असेल, तर मात्र हा दावा बराच कमकुवत होतो.

पत्र ईमेलने एचआरला पाठवावे, वरिष्ठांना प्रत द्यावी आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत घालावी. पगारपत्रके आणि नेमणूकपत्र स्वतःजवळ जपून ठेवावे, पण ग्राहकांच्या याद्या वैयक्तिक ईमेलवर पाठवू नयेत. शिस्तभंगाच्या कारवाईला तेवढे निमित्त पुरते. तोंडी उत्तर मिळाल्यास त्याच दिवशी ‘आज झालेल्या बोलण्यानुसार’ असे लिहून ते ईमेलवर नोंदवावे. पत्रात कोर्टाची धमकी नको.

उत्तर आलेच नाही, तर बेकायदा कपातीसाठी संहितेच्या कलम 45 खाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. अधिकारी रक्कम परत देण्याबरोबर तिच्या दहापटीपर्यंत भरपाईही ठरवू शकतो. कपात अधिकृत होती की नाही, या वादात पुराव्याचा भार मालकावर असतो. विक्रीवरील कमिशन मात्र संहितेच्या ‘वेतन’ व्याख्येत येत नाही. टक्केवारीने मिळणारा असा इन्सेंटिव्ह कमिशनच आहे, असे कंपनी म्हणू शकते. म्हणून 13,680 रुपयांची मागणी नेमणूकपत्र आणि योजना यांतील कराराच्या आधारे उभी करावी आणि अर्ज करण्यापूर्वी ही कागदपत्रे कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवावीत.