इंजेक्शन दिल्यानंतर सुईचे काय होते?

रुग्णाला इंजेक्शन देऊन झाले, तरी परिचारिकेच्या हाती काही वस्तू उरतातच : सुई, सिरिंज, रक्त लागलेला कापसाचा बोळा आणि औषधाची रिकामी काचेची कुपी. या प्रत्येक वस्तूची वाट निराळी आहे. भारतात २०१६ साली झालेल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी या वाटांना पिवळा, तांबडा, पांढरा व निळा असे चार रंग ठरवून दिले. वॉर्डातील भित्तिपत्रकावर हे रंग दाखविलेले असतात. त्यांमागील कारण मात्र बहुधा लिहिलेले नसते.

रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत जातो, कारण तो पुढे भट्टीत जाळावयाचा असतो. सिरिंजची नळी प्लास्टिकची. ती वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून तिचे तुकडे केले, की ते प्लास्टिक पुन्हा वापरता येते. म्हणून ती तांबड्या पिशवीत टाकावयाची. काही प्लास्टिकांत क्लोरीन असते व ती जाळल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होऊ शकतात. यास्तव तांबड्यातील वस्तू पिवळ्यात टाकणे ही लहान चूक नव्हे. काचेची कुपी निळ्या खुणेच्या, न भोसकणाऱ्या डब्यात ठेवतात. सिरिंजचे कागदी वेष्टन मात्र साधा कचरा होय.

आता सुईकडे वळू. तिच्यासाठी पांढरा, अर्धपारदर्शक, सहज भोसकला न जाणारा डबा असतो. सुई तेथेच, रुग्णाच्या खाटेपाशी, सुई कापण्याच्या यंत्राने सिरिंजपासून वेगळी करावयाची. ती हाताने वाकवू किंवा मोडू नये. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसविणे हे तर विशेष घातक, कारण टोपण धरलेल्या हाताकडेच सुईचे टोक येत असते. डबा तीनचतुर्थांश भरला की बंद करावा. अधिक भरलेल्या डब्यात सुई दाबून कोंबताना आतील टोके वर येतात.

समजा, घाईत सुईसह सिरिंज तांबड्या पिशवीत पडली. बाहेरून काहीच दिसत नाही. सायंकाळी सफाई कामगार ती पिशवी उचलतो, ती त्याच्या मांडीला घासते व टोक पिशवी भेदून कातडीत शिरते. ती सुई कोणत्या रुग्णाची, हे आता कोणी सांगू शकत नाही. चूक एकाची, जखम दुसऱ्याची, असा हा अपघात असतो.

अशा वेळी जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये. नंतर लगेच वॉर्डातील जबाबदार व्यक्तीला कळवावे. एच.आय.व्ही.विरोधी औषध आवश्यक ठरल्यास ते शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग होईल असे मानले जात नाही. हिपॅटायटिस-बीची लस पूर्वीच घेतलेली असल्यास त्या रोगाचे भय पुष्कळ कमी होते. हिपॅटायटिस-सीवर मात्र अशी लस नाही.