गाव सांगा, तारीख सांगा

प्रश्न : मी मूळचा अमळनेरचा, प्लास्टिक इंजिनिअर. आठ वर्षांपासून जर्मनीत पाइप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. आई-वडील थकले, म्हणून परत यायचंय. पुण्या-मुंबईच्या चाळीसेक रिक्रूटरना लिहिलं, ‘भारतात परतण्याचा विचार आहे, योग्य संधी असल्यास कळवा. भारतात कुठेही चालेल.’ दोघांनी पगार विचारला आणि गप्प झाले. माझं चुकतंय कुठे?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : भाऊ, तुमची अडचण कळायला आधी रिक्रूटरचं पोट कशावर चालतं ते बघा. एजन्सीचा रिक्रूटर तुमच्याकडून पैसे घेत नाही. (कुणी मागितलेच, तर तो रिक्रूटर नव्हे, ठग समजा.) त्याला पैसे कंपनी देते. वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा बाजारातला जुना दर आहे. पण ते पैसे उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात आणि तो दोन-तीन महिन्यांत सोडून गेला, तर बहुधा बदली माणूस फुकट शोधून द्यावा लागतो. परदेशातला माणूस मुलाखती देतो, ऑफर घेतो आणि ऐन वेळी ‘मुलांची शाळा’ म्हणून तिथेच थांबतो, हे त्याने पाहिलेलं असतं. त्यामुळे तुमच्या पत्रातला ‘विचार आहे’ वाचला की तो पुढच्या पत्राकडे वळतो.

‘कुठेही चालेल’ हेही तुमच्याच विरोधात जातं. तुम्हाला ती लवचीकता वाटते, त्याला मात्र ‘याचं अजून काहीच ठरलेलं नाही’ असं ऐकू येतं. शिवाय नोकरीच्या संकेतस्थळांवर तो शहराची चाळणी लावून नावं शोधतो. तिथे तुमचं सध्याचं गाव श्टुटगार्ट आणि पसंतीचा रकाना मोकळा असेल, तर तुमचं नाव त्याच्या पडद्यावर येणारच नाही.

आता पगार. समजा तुम्ही 65 हजार युरो लिहिले. रिक्रूटर साधारण शंभराने गुणतो, 65 लाख येतात आणि तो फोन ठेवतो. तिथलं घरभाडं, तिथला कर याचा हिशेब तो करत बसत नाही. म्हणून सध्याचा पगार युरोत खरा सांगा, पण त्याच ओळीत अपेक्षा रुपयांत सांगा.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण आशय असा ठेवा : ‘पाइप एक्स्ट्रूजनमध्ये आठ वर्षं. आई-वडील अमळनेरला असल्याने कुटुंबासह परततो आहे. पसंती जळगाव, नंतर पुणे. नोटीस तीन महिने. 31 मार्चपर्यंत ऑफर मिळाल्यास 30 जूनला मोकळा, 15 जुलैला रुजू. सध्या वार्षिक इतके युरो, अपेक्षा इतके लाख रुपये.’ करारातली मुदत मात्र आधी वाचून घ्या. ती तीन महिन्यांची असेल, तर इथेही मोठ्या कंपन्यांत नव्वद दिवसांची नोटीस नवी नाही. तारीख दिली की परदेशात असण्याची अडचण निम्मी सुटते.

जळगाव आधी लिहिलं, ते गावाच्या मायेने नव्हे. तुमचंच काम इथे आहे. जैन इरिगेशनचं ठिबक आणि पाइप, गाडेगावला सुप्रीमचा कारखाना, एमआयडीसीतले चटईवाले, सगळा प्लास्टिकचाच धंदा. तुम्ही मोटारींचं सॉफ्टवेअर लिहीत असता, तर मी सरळ पुणं म्हटलं असतं. फरक एवढाच, की मोठी कंपनी सोडली तर इथले कारखानदार रिक्रूटर फारसे ठेवत नाहीत, निर्णय मालकाचा. त्याला लांबलचक बायोडेटा नको असतो. ‘एक्स्ट्रूडरवरचं भंगार किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आणलं’ ही एक ओळ पुरते. दिवाळीला घरी याल तेव्हा भेटीची वेळ आधी ठरवून या. पगार पुण्यापेक्षा कमी सांगतील, तेव्हा पुण्याचं भाडं आणि दर महिन्याची अमळनेरची फेरी वजा करून मग तुलना करा.

शेवटची गोष्ट कागदांची. इथे रुजू होताना आधीच्या कंपनीचं ‘रिलीव्हिंग लेटर’ मागतात. जर्मनीत त्या नावाचा कागद मिळत नाही. तिथे ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’ हे कामाचं प्रशस्तिपत्र मिळतं, आणि ते मागणं कायद्याने तुमचा हक्क आहे. ते जर्मन भाषेत येतं. निघण्याआधी इंग्रजी प्रत मागा, नाहीतर भाषांतर करून घ्या. त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आहे का, ते पाहा. इथला पडताळणीवाला आधी त्या दोन तारखाच जुळवतो.

त्या चाळीस जणांना तेच पत्र पुन्हा धाडू नका. ज्या दोघांनी पगार विचारला, त्यांनाच आधी तारखेसकट लिहा.