मोबाइलवर बुडणारे संवाद

प्रश्न : लघुपटातील संवाद हेडफोनवर स्पष्ट ऐकू येतात, मोबाइलवर मात्र पार्श्वसंगीतात बुडतात. उपाय काय?

उत्तर : मोबाइलचा लहान स्पीकर साधारणपणे 300 हर्ट्झखालचे ध्वनी क्षीणच वाजवत असल्याने आवाजाचा भरदारपणा गळतो आणि शब्दांची ओळख मुख्यतः 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यातील व्यंजनांवर विसंबते; त्याच पट्ट्यात व्हायोलिन वाजत असेल, तर ती व्यंजने झाकली जातात. म्हणून केवळ ऐकण्याच्या मार्गावर 300 हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे ध्वनी अडवणारी गाळणी, लावून मिश्रण मोनोत, हळू आवाजात तपासावे. ‘तास’ आणि ‘पास’ यांतला फरक कळेनासा झाल्यास संवाद चढवण्याआधी संगीताचा तोच पट्टा, संवादापुरता, इक्वलायझरने सुमारे 3 डेसिबल उतरवणे अधिक श्रेयस्कर. अंतिम फाइल काढण्यापूर्वी तपासणीचा फिल्टर आठवणीने बंद करावा.