गढूळ पाणी, नितळ पाणी आणि पिण्याचं पाणी

(नववीतल्या सायन्स फेअरसाठी केलेल्या व्हिडिओची ही मराठी संहिता. शाळेसाठी तो इंग्रजीत केला, आजीसाठी मराठीत. कंसातल्या ओळी म्हणजे त्या वेळी पडद्यावर काय दिसतं ते.)

दृश्य १ : प्रश्न
(टेबलावर दोन ग्लास. एकात चहासारखं गढूळ पाणी, दुसऱ्यात जवळजवळ नितळ.)

मागच्या वर्षी जुलैत आम्ही न्यू जर्सीहून साताऱ्याजवळ आजीच्या गावी गेलो होतो. पावसाने विहिरीचं पाणी लाल झालं होतं. आजी घागरीच्या तोंडाला फडकं बांधून ते गाळून घ्यायची. मी तिला म्हटलं, "आजी, मी तुला बाटलीचा फिल्टर करून देतो." ती म्हणाली, "दे, पण ते पाणी प्यायचं का, ते आधी सांग."

माझा प्रयोग म्हणजे आजीच्या या प्रश्नाचं उत्तर आहे.

दृश्य २ : फिल्टर
(कापलेली बाटली उलटी धरून एकेक थर भरताना.)

दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. तिचा तळ कापून टाका, तोंडाला सुती कापडाच्या दोन घड्या रबराने बांधा आणि बाटली उलटी करून एका बरणीवर ठेवा. आता खालून वर थर भरायचे. आधी ४ सेंटिमीटर कोळसा, मग ८ सेंटिमीटर बारीक वाळू, ३ सेंटिमीटर जाड वाळू आणि सगळ्यात वर ३ सेंटिमीटर खडी. कोळसा माशांच्या टाकीसाठी मिळतो तो, ॲक्टिव्हेटेड चारकोल. बार्बेक्यूचा घेऊ नका, त्यात पेटण्यासाठी इतर गोष्टी मिसळलेल्या असू शकतात.

वरची खडी पाणी फारसं गाळत नाही. पण ती नसली तर ओतलेल्या पाण्याच्या धारेने वाळूत खड्डा पडतो आणि पाणी त्या एकाच वाटेने खाली पळतं.

दृश्य ३ : फसलेला पहिला दिवस
(बरणीत काळपट पाणी.)

हे माझ्या फिल्टरमधून आलेलं पहिलं पाणी. आत गेलं त्याहून घाण! वाटलं, थरच उलटे भरले. पण मग फिल्टरमधून नुसतं नळाचं स्वच्छ पाणी सोडलं, तर तेही काळं आलं. म्हणजे घाण पाण्याची नव्हती, फिल्टरचीच होती: वाळूतली माती आणि कोळशाची भुकटी. तुमचा फिल्टर फसला, तर आधी ही परीक्षा करा. मी वाळू आणि कोळसा बादलीत वेगवेगळे धुतले, वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत. वाळूला नऊ वेळा पाणी बदलावं लागलं.

दृश्य ४ : मोजणी
(उंच पारदर्शक नळी, तळाशी काळी फुली.)

"पाणी स्वच्छ दिसलं" हे मोजमाप नव्हे. म्हणून मी उभ्या नळीच्या तळाशी काळी फुली काढली. वरून बघत पाणी ओतत जायचं आणि फुली दिसेनाशी झाली की थांबायचं. पाण्याची उंची जितकी जास्त, तितकं पाणी नितळ. दिवा तोच, बघणारा तोच, आणि प्रत्येक मोजणी तीनदा.

एक लिटर पाण्यात बागेतली दोन चमचे माती ढवळली. त्या पाण्यात फुली ३ सेंटिमीटरवर गेली. आजीसारखं फडक्याने गाळल्यावर ४. पूर्ण फिल्टरमधून काढल्यावर १५, १४ आणि १६, म्हणजे सरासरी १५.

इथेच व्हिडिओ संपवणार होतो. पण बाबांनी विचारलं, "फिल्टरला वेळ किती लागला?" वीस मिनिटं. मग तेवढाच वेळ गढूळ पाणी नुसतं ठेवून दिलं असतं तर? ठेवलं, आणि वरवरचं पाणी मोजलं: ६ सेंटिमीटर. म्हणजे ३ पासून ६ पर्यंतचं काम माती तळाशी बसण्यानेही झालं असतं. फिल्टरची खरी कमाई ६ ते १५ एवढीच. ही तुलना केली नसती, तर सगळं श्रेय मी वाळूला दिलं असतं.

दृश्य ५ : वाळू म्हणजे चाळणी नव्हे
(कागदावर वाळूचे मोठे गोल, मध्ये मातीचे ठिपके.)

माझ्या बारीक वाळूचा कण साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. दोन कणांमधली फट त्याहून लहान, पण चिकणमातीचा कण दोन हजारांश मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. तो त्या फटीतून सहज जायला हवा. तरी बरेच कण अडकतात, कारण वाळूतली वाट सरळ नाही. वळणं घेत जाताना कण वाळूच्या पृष्ठभागाला लागतो आणि चिकटतो. सगळे चिकटत नाहीत, म्हणून १५ सेंटिमीटरवर फुली नाहीशी झालीच.

आता आजीच्या प्रश्नाकडे या. अनेक जिवाणू याच चिकणमातीच्या कणांच्या आकाराचे असतात. जिथून माती निसटते, तिथून तेही निसटू शकतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

मीठ तर पाण्यात विरघळलेलं, त्याचे कण अजून कितीतरी लहान. मिठाचं पाणी फिल्टरमधून काढलं आणि टीडीएस मीटरने मोजलं. आकडा आधी ५१०, नंतर ५०५. मीटर तेवढा इकडेतिकडे होतोच, म्हणजे फरक नाही. खाण्याच्या रंगाचा एक थेंब मात्र कोळशाने धरून ठेवला. वीस थेंब टाकल्यावर रंग खाली आला. कोळशाची जागा भरली की तो आणखी धरत नाही.

दृश्य ६ : मग हॅम्बुर्गमध्ये काय झालं?
(एल्ब नदीचा हाताने काढलेला नकाशा.)

१८९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने साडेआठ हजारांवर माणसं गेली. शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता वापरत होतं. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं पाणी घ्यायचं, तेही हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यावर, पण वाळूतून गाळून. आल्टोना बरंच वाचलं.

मग वाळू जिवाणू अडवते की नाही? अडवते, पण तिथली वाळू वेगळी होती. अशा संथ फिल्टरमध्ये पाणी तासाला साधारण १० सेंटिमीटर उतरतं, आणि वाळूवर काही आठवड्यांत सूक्ष्मजीवांचा चिकट थर तयार होतो. तो थर जिवाणूंना धरतो आणि खातो. माझ्या बाटलीत एक लिटर पाणी वीस मिनिटांत उतरलं. बाटलीच्या रुंदीवरून हिशोब केला, तर वेग तासाला ३० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तिप्पट. आणि तो जिवंत थर तर नाहीच, कारण मी वाळू धुऊन टाकली होती!

दृश्य ७ : उत्तर
(गॅसवर उकळतं पातेलं.)

तर आजी, नुसतं गाळलेलं पाणी पिऊ नकोस. गाळ, मग खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू दे, आणि झाकून गार कर. गाळणं वाया जात नाही. क्लोरीनचे थेंब टाकणार असशील तर त्याची जास्तच गरज आहे, कारण गढूळ पाण्यात जिवाणू मातीआड लपतात. विरघळलेलं मीठ किंवा खत मात्र उकळूनही जात नाही. त्यासाठी पाणी तपासूनच घ्यावं लागतं.

(शेवटी तेच दोन ग्लास. मी नितळ ग्लास उचलतो आणि झाडाला ओततो.)