नाव एकच, कंपन्या दोन : सभासदांच्या शंका आणि आमची उत्तरे

गेल्या हंगामात निफाड तालुक्यातील एक सभासद वडिलांच्या लोखंडी पेटीतून निघालेला एक कागद घेऊन आमच्याकडे आले. १९९९ सालचे ते शेअर सर्टिफिकेट होते आणि त्यावर 'किर्लोस्कर ऑईल इंजिन्स लिमिटेड' असे छापलेले होते. वडील वारलेले. सभासदांनी आपल्या विहिरीवरच्या पंपाच्या गॅरंटी कार्डावरचा किर्लोस्करचा पत्ता घेऊन तिकडे पत्र टाकले. उत्तर आले की तुमचा फोलिओ नंबर आमच्या नोंदवहीत नाही. "म्हणजे कागद खोटा की काय?" असे त्यांनी विचारले. कागद खराच होता, पत्र मात्र दुसऱ्याच कंपनीला गेले होते. यावरून झालेली प्रश्नोत्तरे सर्वांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देत आहोत.

प्रश्न : किर्लोस्कर म्हणजे किर्लोस्करच ना? मग कंपनी दुसरी कशी?

उत्तर : घराणे एक, कंपन्या अनेक. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्या धंद्याची 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी १९२० साली नोंदली गेली. पंप म्हटले की शेतकऱ्याच्या तोंडी येते ती ही. ऑईल इंजिनांचा धंदा १९४६ साली पुण्यात सुरू झाला. त्याच साली बंगळूरला 'किर्लोस्कर इलेक्ट्रिक' निघाली. पुढे 'किर्लोस्कर न्यूमॅटिक' आणि 'किर्लोस्कर फेरस' आल्या.

कायद्याच्या दृष्टीने यांतली प्रत्येक कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. सख्ख्या भावांचे आडनाव एक असले तरी सातबारे वेगळे असतात, तसेच हे. एकीच्या कर्जाला दुसरी बांधील नाही आणि एकीचा भागधारक दुसरीचा भागधारक होत नाही. म्हणूनच ब्रदर्सच्या वहीत ऑईल इंजिन्सचा फोलिओ सापडला नाही.

प्रश्न : सारखे नाव घ्यायला सरकार परवानगी देतेच कसे?

उत्तर : सहसा देत नाही. चालू कंपनीच्या नावाशी फार जुळणारे नाव नोंदू नये, असे कंपनी कायदा सांगतो. १९५६ च्या कायद्यात ते होते, २०१३ च्या कायद्यातही आहे. मागे 'न्यू' लावले, गावाचे नाव जोडले किंवा दोन शब्द जोडून लिहिले म्हणून नाव वेगळे धरले जात नाही. पण आधीच्या कंपनीने ठराव करून संमती दिली तर तसे नाव मिळते. एकाच घराण्याच्या कंपन्या अशाच वाढतात.

दुसरे कारण असे की नावांची वही एकच नाही. कंपन्यांची नोंद एका कायद्याखाली होते, सहकारी संस्थांची राज्याच्या सहकार निबंधकाकडे, भागीदारी पेढ्यांची आणखी तिसरीकडे आणि व्यापारचिन्हांची चौथीकडे. आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे 'सह्याद्री' नावाची शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आहे, आणि 'सह्याद्री' नावाचा सहकारी साखर कारखाना कराडकडे आहे. एक कंपनी कायद्याखालची, दुसरा सहकार कायद्याखालचा. डोंगराचे नाव कुणाच्या एकट्याच्या मालकीचे नसते, त्यामुळे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ आपल्या डोक्यात होतो.

प्रश्न : माझे आडनाव किर्लोस्कर असेल, तर मलाही त्या नावाने कंपनी काढता येईल का?

उत्तर : हा मुद्दा १९९० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. 'किर्लोस्कर' हे व्यापारचिन्ह 'किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड' या कंपनीच्या नावावर होते. तिने 'किर्लोस्कर डिझेल रिकॉन' या कंपनीला नाव वापरण्यापासून थांबवावे म्हणून दावा केला. आडनाव आमचेच आहे, असा बचाव झाला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसाला आडनाव जन्माने मिळते, कंपनीला मात्र नाव निवडून ठेवावे लागते. त्यामुळे माणसाला मिळणारी सवलत कंपनीला तशीच मिळत नाही. मनाई कायम राहिली. म्हणजे मिळतेजुळते नाव एकदा नोंदले गेले तरी ते टिकेलच असे नाही.

प्रश्न : बरं, मग आमचा कागद आजच्या 'किर्लोस्कर ऑईल इंजिन्स'चाच ना?

उत्तर : खरी गंमत इथेच आहे. नाव तेच, पण कंपनी ती नव्हे! २००९ साली 'किर्लोस्कर इंजिन्स इंडिया लिमिटेड' नावाची नवी कंपनी नोंदवली गेली. इंजिनांचा धंदा जुन्या कंपनीतून वेगळा काढून २०१० साली या नव्या कंपनीकडे दिला गेला. मग नव्या कंपनीने 'किर्लोस्कर ऑईल इंजिन्स लिमिटेड' हे नाव घेतले आणि जुन्या कंपनीचे नाव बदलून 'किर्लोस्कर इंडस्ट्रीज लिमिटेड' झाले.

म्हणजे १९९९ च्या सर्टिफिकेटवरचे नाव आज एका कंपनीच्या दारावर आहे, आणि ते सर्टिफिकेट ज्या कंपनीने दिले ती आज दुसऱ्या नावाने वावरते आहे. वाटणीच्या वेळी जुन्या भागधारकांना नव्या कंपनीचेही शेअर्स दिले गेले. तेव्हा वडिलांचे शेअर्स त्या वेळी त्यांच्याच नावावर असतील, तर हक्क एका कंपनीत नव्हे, दोन कंपन्यांत आहे. एकीकडेच पत्र टाकणारा अर्धी रक्कम विसरतो.

प्रश्न : दोन कंपन्या वेगळ्या आहेत हे साध्या माणसाने ओळखावे कसे?

उत्तर : नाव वाचू नका, नंबर वाचा. प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-आकड्यांचा नोंदणी क्रमांक असतो. पत्रावर आणि बिलावर तो छापणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. हे दोन क्रमांक शेजारी ठेवून पाहा :

किर्लोस्कर ब्रदर्स : L29113PN1920PLC000670
किर्लोस्कर ऑईल इंजिन्स : L29100PN2009PLC133351

पहिले अक्षर L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. बाजारात नसेल तर तिथे U असते. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात. नंतरची दोन अक्षरे नोंदणीच्या ठिकाणाची, इथे पुण्याची. त्यापुढचे चार आकडे हे नोंदणीचे साल. PLC म्हणजे पब्लिक कंपनी, PTC म्हणजे प्रायव्हेट. शेवटचे सहा आकडे त्या कंपनीचा नोंदणी नंबर.

आता सालाकडे बघा. दुसऱ्या क्रमांकात २००९ आहे आणि आपला कागद १९९९ चा. जी कंपनी दहा वर्षांनी जन्मली ती आधीचा कागद कशी देईल? एवढ्या एका आकड्यावरून घोळ उघडा पडतो. मात्र हा क्रमांकही जन्मभर जसाच्या तसा राहत नाही. कंपनी बाजारात आली, धंदा बदलला किंवा कार्यालय दुसऱ्या राज्यात गेले तर पुढची अक्षरे बदलू शकतात. म्हणून क्रमांकासोबत पूर्वीचे नाव आणि नोंदणीकृत पत्ताही ताडून पाहावा. कंपनी मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती बघता येते.

प्रश्न : आता आम्ही नेमके काय करायचे?

उत्तर : त्या सभासदांना आम्ही सांगितले तेच सांगतो. सर्टिफिकेटवरून कंपनीचे पूर्ण नाव, फोलिओ नंबर, सर्टिफिकेट नंबर, शेअर्सची संख्या आणि धारकाचे नाव एका कागदावर उतरवून घ्या. मग किर्लोस्कर इंडस्ट्रीज आणि आजची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स अशा दोघींना वेगवेगळी पत्रे पाठवा आणि या फोलिओवर आज काय शिल्लक आहे ते विचारा. मधल्या काळात शेअरची दर्शनी किंमत वा संख्या बदललेली असू शकते, म्हणून कागदावरचा आकडा अंतिम धरू नका. मूळ सर्टिफिकेट पहिल्या पत्रासोबत पाठवू नका, झेरॉक्स लावा.

सलग सात वर्षे लाभांश कुणी घेतला नसेल तर ते शेअर्स सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जमा होतात. घाबरू नका, ते बुडत नाहीत. वारसाला IEPF-5 हा अर्ज भरून ते परत मागता येतात. पण दोन कंपन्या म्हणजे दोन अर्ज, आणि एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच अर्ज करता येतो. चुकीच्या नावाने अर्ज गेला तर वेळ फुकट जातो. वारसाचे कागद आधी कंपनीकडून तपासून घ्या, अर्ज मग. आणखी एक. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर्सची खरेदी-विक्री बंद आहे. वारसाच्या नावावर ते चढतात, पण त्यासाठी डीमॅट खाते लागते. जुना कागद "आम्ही रोखीने विकत घेतो" म्हणत कुणी दारात आला तर त्याला कागद दाखवूसुद्धा नका.

प्रश्न : पंप घेतानाही हाच घोळ होतो का?

उत्तर : होतो. किर्लोस्कर ब्रदर्स पंप बनवते आणि ऑईल इंजिन्सही इंजिनांबरोबर पंप विकते. दुकानात "किर्लोस्करचा पंप द्या" एवढेच म्हटले तर कोणता मिळेल ते दुकानदाराच्या फळीवर अवलंबून. दोन्ही आपापल्या जागी खरे, पण दुरुस्ती, सुटे भाग आणि गॅरंटी ज्याची त्याच्याकडे. म्हणून पंपावरच्या पाटीवर निर्मात्याचे पूर्ण नाव वाचा, तेच नाव आणि पंपाचा नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या, आणि गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घ्या.

त्या सभासदांनी दोन्ही पत्रे टाकली आहेत. ज्यांच्या घरी असे जुने कागद असतील त्यांनी ऊस बिलाच्या दिवशी झेरॉक्स घेऊन शेअर्स विभागात यावे. नंबर आपण मिळून वाचू.