सोया, बदाम की गाय : एका कपात काय असतं?

प्रश्न : आमच्या घरी सध्या तीन प्रकारचं दूध येतं. सासूबाईंना गाईचंच लागतं. मला साध्या दुधाने पोट फुगतं, म्हणून मी सोया दूध घेते. अकरा वर्षांच्या मुलीने मात्र मैत्रिणीचं बघून बदाम दुधाचा हट्ट धरला आणि आता रोज दोन कप तेच पिते. त्यात कॅलरी सगळ्यांत कमी, म्हणून तेच सगळ्यांत चांगलं, असं तिचं म्हणणं. तिन्हींच्या एका कपात कॅलरी, प्रथिने आणि कर्बोदके किती असतात? एकाच्या जागी दुसरं घेतलं तर चालतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी कप ठरवून घेऊ. पोषणाच्या हिशेबातला कप २४० मिलिलिटरचा असतो. आपला चहाचा कप जेमतेम १०० ते १५० मिलिलिटरचा, त्यामुळे त्याने मोजलंत तर खालचे सगळे आकडे निम्म्यावर येतील. मोजपात्र नसेल तर घरातला स्टीलचा पेला एकदा पाण्याने भरून मापून ठेवा.

साखर न घातलेल्या एका कपाचा हिशेब साधारण असा :

गाईचं दूध (साय न काढलेलं) : १५० कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिने, १२ ग्रॅम कर्बोदके.
सोया दूध : ८० कॅलरी, ७ ग्रॅम प्रथिने, ४ ग्रॅम कर्बोदके.
बदाम दूध : ३० ते ४० कॅलरी, १ ग्रॅम प्रथिने, १ ते २ ग्रॅम कर्बोदके.

कॅलरीत बदाम दूध सर्वांत हलकं, हे तुमच्या मुलीचं म्हणणं खरंच आहे. पण ते हलकं का, हे कळण्यासाठी कॅलरी कुठून येतात ते पाहावं लागतं. प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात आणि स्निग्धांशाच्या ग्रॅममधून ९. गाईच्या दुधाच्या कपात सुमारे ८ ग्रॅम स्निग्धांश असतो. म्हणजे प्रथिनांच्या ३२, दुग्धशर्करेच्या ४८ आणि सायीच्या ७२, मिळून दीडशेच्या आसपास. जवळजवळ निम्म्या कॅलरी एकट्या सायीतून येतात.

सोया दुधात स्निग्धांश ४ ग्रॅम आणि कर्बोदकंही थोडीच, म्हणून बेरीज ८० वर थांबते. प्रथिनं मात्र गाईच्या दुधाच्या बरोबरीला येतात. बदाम दुधात प्रथिनांच्या ४ कॅलरी, कर्बोदकांच्या ४ ते ८ आणि उरलेल्या सगळ्या अडीच-तीन ग्रॅम बदाम तेलाच्या. बाकी कप पाण्याचा आहे. बाजारातल्या बऱ्याच बदाम दुधात बदामाचं प्रमाण २ ते ३ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे कपभरात फार तर ५-६ बदाम. एका बदामात पाव ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पाच बदामांची सव्वा ग्रॅम, आणि गाळताना त्यातलीही काही चोथ्यात जातात. बदाम पौष्टिक आहे यात शंका नाही, पण या कपात तो फार थोडा उतरलेला असतो.

प्रथिनांच्या ग्रॅमइतकाच त्यांचा दर्जाही महत्त्वाचा. शरीराला अन्नातून घ्यावीच लागणारी अमिनो आम्लं गाईच्या दुधात पुरेपूर असतात. सोयाबीन वनस्पती असूनही या बाबतीत दुधाच्या जवळ पोचतं. बदामात मात्र लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं. आपल्या भात-पोळीतही तेच कमी असतं, त्यामुळे बदामाने ती उणीव भरून निघत नाही. डाळ, दूध किंवा सोयाबीनने निघते.

आता कर्बोदकं. तिन्ही कपांत ती वेगवेगळ्या जातीची असतात. गाईच्या दुधातली १२ ग्रॅम म्हणजे सगळी दुग्धशर्करा, अर्थात लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर वयाबरोबर अनेकांच्या आतड्यात कमी होतं. मग न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि पोट फुगतं. तुमचं असं होत असेल तर सोया दुधाने बरं वाटणं साहजिक आहे, कारण त्यात लॅक्टोज नसतंच. मात्र सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात आणि त्याही वायू धरतात. सोया दुधानेही पोट गडगडलं तर कारण तिथे शोधावं. घरी दूध करणाऱ्यांनी भिजवलेलं पाणी फेकून दिलं आणि सालं काढली तर हा त्रास कमी होतो. आणि दूध पूर्ण सोडायचं नसेल तर दही खाऊन पाहा. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात, म्हणून पुष्कळांना दूध बाधतं पण दही बाधत नाही.

बदाम दुधात मुळातली कर्बोदकं नगण्य. म्हणूनच कपात १ ते २ ग्रॅमपेक्षा जास्त दिसली तर ती बहुधा बाहेरून आलेली असतात, आणि वरचा सगळा हिशेब बिघडतो तो इथे. उदाहरण म्हणून असं खोकं धरा, ज्यावर १०० मिलिलिटरमागे प्रथिने ०.४ ग्रॅम, कर्बोदके ६ ग्रॅम आणि स्निग्धांश १.१ ग्रॅम लिहिलं आहे. खोक्यावरचे आकडे सहसा १०० मिलिलिटरचे असतात, म्हणून कपासाठी २.४ ने गुणायचं. प्रथिने १ ग्रॅम, कर्बोदके साडेचौदा ग्रॅम आणि कॅलरी सुमारे ८५. गाईच्या दुधापेक्षा जास्त कर्बोदकं, आणि ती जवळजवळ सगळी साखर, म्हणजे साडेतीन छोटे चमचे. कॅलरी साध्या सोया दुधाइतक्या झाल्या, प्रथिनं मात्र एक ग्रॅमच राहिली. गोड सोया दुधाचंही असंच होतं. प्रथिनं सातच्या सात राहतात, पण कॅलरी ८० वरून १२०-१३० पर्यंत चढतात.

म्हणून खोकं उचललं की तीन ठिकाणी नजर टाका. पहिलं, घटकांची यादी. ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, त्यामुळे पाण्यानंतर लगेच साखर आली असेल तर ते दूध बाजूला ठेवावं. दुसरं, ‘वाढीव साखर’ हा आकडा. तिसरं, प्रथिनं. १०० मिलिलिटरला ३ ग्रॅम असतील तर ते पेय दुधाची जागा घेऊ शकतं, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असेल तर नाही. आणि दुकानात बाटलीतून थंडगार मिळणारं केशर-वेलचीचं बदाम दूध या हिशेबात धरू नका. ते गाई-म्हशीचंच दूध असतं, वर साखर आणि थोडा बदाम.

आता तुमच्या मुलीचा हिशेब मांडू. १० ते १२ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ३३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस सांगते. दोन कप गाईच्या दुधातून त्यातली १६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ निम्मी मिळत होती. दोन कप सोया दुधातून १४ मिळाली असती. बदाम दुधातून मिळतात २. ही १४ ग्रॅमची तूट तिच्या ताटात दुसरीकडून भरून यायला हवी. त्यासाठी दोन अंडी आणि वर थोडी डाळ, किंवा ६० ते ६५ ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीचं वरण लागेल. ती हे रोज खात असेल तर बदाम दूध पिण्यात नुकसान नाही. पण वाटीतलं वरण जेमतेम संपवणाऱ्या मुलीला ते दुधाच्या जागी देऊ नये. कॅल्शियमचंही तसंच आहे. गाईच्या दुधाच्या कपातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळतं. सोया किंवा बदाम दुधात ते बाहेरून घातलेलं असेल तरच तेवढं असतं, आणि घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून खोकं हलवून ओतावं.

कॅलरीचाच मुद्दा असेल तर त्याचं उत्तर गाईच्या दुधातही आहे. डबल टोन्ड दुधात स्निग्धांश दीड टक्का असतो, त्याचा कप ११५ कॅलरींच्या आसपास येतो. साय पूर्ण काढलेल्या दुधाचा कप ८५ ते ९०. साय गेली तरी प्रथिनं ८ ग्रॅमच राहतात आणि दुग्धशर्कराही तेवढीच. उलट पिशवीत म्हशीचं दूध असेल तर कप २३० कॅलरींच्या घरात जातो. तेव्हा ‘गाईचं’ म्हणून घेता ते खरंच गाईचं आहे का, तेही पिशवीवर वाचा.

घरी केलेल्या दुधाबद्दल दोन गोष्टी. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवून, सालं काढून, सुमारे एक लिटर पाण्यात वाटून गाळलं तर कपाला ६ ते ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पाणी वाढवलं की तेवढ्याच प्रमाणात ती पातळ होतात. हे दूध कच्चं कधीही पिऊ नये. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन-रोधक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतो, तो उष्णतेने निष्क्रिय होतो. हे दूध खरं उकळण्याआधीच फेस येऊन वर चढतं. तो फेस पाहून गॅस बंद करू नका. आच मंद करून, ढवळत दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. बदामाचं दूध करायचं तर २५ बदाम म्हणजे ३० ग्रॅम. ते तीन कप पाण्यात वाटले आणि सगळी प्रथिनं दुधात उतरली असं मानलं, तरी कपाला २ ग्रॅमच येतात. त्यापेक्षा ते २५ बदाम तसेच चावून खाल्ले तर ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि तंतूही वाया जात नाहीत.

एक सावधगिरी. एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी यांतलं कुठलंही दूध देऊ नये. गाईच्या दुधाची ॲलर्जी ही लॅक्टोज न पचण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. तशी शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच बदल करा, कारण अशा काही बाळांना सोयाही सोसत नाही.

थोडक्यात निकाल असा : गाईच्या दुधाऐवजी घेता येईल ते बिनसाखरेचं सोया दूध. बदाम दूध आवडत असेल तर हलकं पेय म्हणून जरूर घ्या, पण त्या दिवशीची प्रथिनं ताटात वेगळी मोजा. तुम्ही तुमचं सोया चालू ठेवा. मुलीला निदान एक कप गाईचं किंवा सोया दूध परत सुरू करा, आणि कॅलरीची काळजी वाटत असेल तर डबल टोन्ड घ्या.