पोरीच्या पदवीदानाला जायचंय, साहेबांना कसं सांगू?

परदेशात शिकणाऱ्या मुलाचा फोन येतो, "आई, बाबा, समारंभाची तारीख आली, तुम्ही येताय ना?" घरात आनंदीआनंद होतो आणि रात्री अंथरुणावर पडलं की मनात पहिला विचार येतो तो रजेचा. देवळाली कॅम्पात हा प्रश्न जरा जास्तच पडतो. इथल्या निम्म्या घरांची नोकरी या ना त्या नात्यानं सरकारशी बांधलेली असते: तोफखान्याच्या शाळेत, छावणी परिषदेत, एखाद्या डेपोत नाहीतर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. ज्या पासपोर्टावर लेकराकडे जायचं, तो छापला जातो त्याच प्रेसमध्ये, पण तो हातात असला म्हणून सरकारी नोकराला उठून विमानात बसता येत नाही. माझी नोकरीची उमेदीची वर्षं आस्थापना विभागात असे अर्ज वाचण्यात गेली, म्हणून आज तुमच्याशी थोडं मोकळेपणानं बोलते.

सगळ्यात आधी पोराला विचारा, की तारीख 'ठरली' म्हणजे नक्की काय झालं? आपल्याला वाटतं परीक्षा संपली, निकाल लागला की पदवीदान. इंग्लंडात एक वर्षाचं मास्टर्स करणारी मुलं प्रबंध ऑगस्ट-सप्टेंबरात देतात आणि समारंभ त्या हिवाळ्यात किंवा थेट पुढच्या उन्हाळ्यात होतो. अमेरिकेत तो बहुधा मे महिन्यात असतो. शिवाय समारंभाला बसण्यासाठी मुलाला स्वतः नोंदणी करावी लागते, आणि फी थकली असेल तर पुष्कळ विद्यापीठं मंचावर येऊ देत नाहीत. पाहुण्यांचे पासही मोजके असतात, बऱ्याच ठिकाणी एका विद्यार्थ्यामागे दोनच. तेव्हा मुलाची नोंदणी झालेली आहे, पास मिळालेत आणि विद्यापीठाच्या ईमेलवर तारीख-वार-वेळ आहे, एवढं हातात आल्याशिवाय साहेबांच्या केबिनकडे वळू नका. तो ईमेल छापून घ्या, अर्जाला तोच जोडायचा आहे.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. आई कॅम्पातल्या संरक्षण खात्याच्या एका कार्यालयात लिपिक, आठवडा पाच दिवसांचा. मुलीनं इंग्लंडात मास्टर्स केलं, समारंभ बुधवारी, 15 जुलै 2026 ला. नणंद लेस्टरला राहते, एवढ्या लांब जायचं तर तिच्याकडेही चार दिवस राहून यावं, असं सगळ्यांचं म्हणणं. यात गैर काहीच नाही. गडबड होते ती पुढे. ही माऊली अर्जात लिहिते, "मुलीच्या पदवीदानासाठी रजा मिळावी." साहेब तारखा बघतात, समारंभ एका दिवसाचा आणि रजा दोन आठवड्यांची. ते काही बोलत नाहीत, पण त्यांना वाटतं की बाईंनी काहीतरी झाकलंय. झाकायचं कशाला? अर्जातच दोन ओळी वेगळ्या करा: अमुक ते अमुक समारंभ आणि त्याची तयारी, अमुक ते अमुक नणंदेच्या कुटुंबाची भेट.

या दोन ओळींचा आणखी एक फायदा आहे. समारंभाचा दिवस कुणाच्या हातचा नसतो, भेटीचे दिवस मात्र आपल्या हातचे असतात. साहेब म्हणाले की "एवढे दिवस जमणार नाही", तर काय सोडायचं हे तुमच्या मनात आधीच ठरलेलं हवं. मात्र "दुसरा आठवडा कमी केला तरी चालेल" हे अर्जात लिहू नका. लिहिलंत तर तो कमी होणारच. ते तोंडी बोलण्यात, विचारलं तरच सांगायचं.

दिवसांचा हिशेब मांडू. आई शनिवारी 11 जुलैला निघते. सोमवार 13 जुलै ते शुक्रवार 24 जुलै अशी अर्जित रजा, म्हणजे ईएल, मागते. ती भरते बारा दिवसांची, कारण मधले शनिवार-रविवार रजेतच मोजले जातात. कडेचे मात्र मोजले जात नाहीत. आधीचे 11-12 आणि नंतरचे 25-26 हे दिवस रजेला जोडून वापरता येतात, पण तशी परवानगी अर्जात मागावी लागते, गृहीत धरायची नसते. सोमवारी 27 जुलैला ती कामावर हजर. केंद्राच्या नोकरीत 1 जुलैला पंधरा दिवस ईएल आगाऊ खात्यात पडते, त्यामुळे फार शिल्लक नसेल तरी ही रजा बसते. "दोन-तीन सीएल जोडून घेते" असं मात्र करू नका. किरकोळ रजा ईएलला जोडता येत नाही.

जिथं हमखास घोटाळा होतो ती जागा पुढची आहे. रजा मंजूर होणं आणि देशाबाहेर जायची परवानगी मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजा मंजूर झाली, की आपल्याला वाटतं आता कुठंही जावं. पण खासगी कारणानं परदेशी जायचं तर आगाऊ परवानगी घ्यावीच लागते, आणि तिचा वेगळा नमुना असतो. त्यात कुठल्या देशात, कोणत्या तारखांना, कशासाठी, प्रवास-राहणं-व्हिसा यांवर अंदाजे किती खर्च, तो पैसा कुठून येणार आणि मागच्या चार वर्षांत खासगी कामासाठी परदेशी कधी गेला होतात, हे सगळं भरायचं असतं. राहणं-जेवण नणंदेकडे असेल तर तसंच लिहा. तिकीट मुलगी काढत असेल तर तेही लिहा. नंतर हीच माहिती व्हिसाच्या अर्जात जाते, आणि दोन कागदांवर दोन गोष्टी दिसल्या तर दोन्हीकडे अडचण होते.

केंद्राच्या कार्मिक विभागाचं 27 जुलै 2015 चं पत्रक या बाबतीत माहीत असावं. पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून 21 दिवसांत निर्णय कळवावा आणि कळवला नाही तर परवानगी मिळाली असं कर्मचाऱ्यानं समजावं, असं त्यात म्हटलंय. नकार द्यायचा तर तो विभागप्रमुखाच्या खालच्या अधिकाऱ्यानं द्यायचा नाही, असंही आहे. ऐकायला छान वाटतं. पण एकविसावा दिवस उलटला म्हणून कॅम्पातल्या लष्करी आस्थापनेतून कुणी बॅग उचलून निघू नये. तो दिलासा फक्त प्रवासाच्या परवानगीपुरता आहे, रजा त्यात येत नाही, आणि रजा हा हक्क नाही हे नियमातच लिहिलेलं आहे. शिवाय अर्जात एक रकाना रिकामा राहिला, तर तो 'पूर्ण' धरलाच जात नाही आणि दिवस मोजणं सुरूच होत नाही. म्हणून अर्ज दिल्याची तारीख आणि शिक्का असलेली प्रत स्वतःजवळ ठेवा आणि पंधरा दिवसांनी हसतमुखानं विचारायला जा.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी साहेबांशी तोंडी बोला, मग रजेचा आणि परवानगीचा अर्ज बरोबरच द्या. मंजुरी आली की कार्यालयाकडून तुमचं पद, पगार, नोकरीची वर्षं आणि मंजूर रजेच्या तारखा असं पत्र घ्या. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी ते फार कामाचं असतं, कारण तुम्ही परत येणार याची साक्ष तेच देतं. हा व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे आपल्या उदाहरणात मार्चमध्ये बोलणं, मार्चअखेर अर्ज, एप्रिलच्या मध्यानंतर व्हिसा. तिकीट सगळ्यात शेवटी. स्वस्त मिळतं म्हणून आधीच काढलेलं, परत न होणारं तिकीट साहेबांपुढे ठेवलं, तर त्यांना ते विनंतीसारखं वाटत नाही, पेचात पकडल्यासारखं वाटतं.

आणि साहेबांशी बोलायचं काय? "आयुष्यात एकदाच येणारा क्षण" वगैरे बोलू नका, त्यांनाही मुलं आहेत, ते त्यांना कळतं. त्यांना हवं असतं ते तीन ओळींत मावतं. असं बोला: "सर, पंधरा जुलैला मुलीचं पदवीदान आहे, तिकडं नणंदेकडेही जाऊन येईन. महिन्याचं पगारबिल माझ्याकडे असतं, त्याची माहिती मी दहा तारखेपर्यंत पूर्ण करून देते, पुढचं शेजारच्या टेबलावरच्या ताई बघतील, त्यांच्याशी बोलून झालंय. सत्तावीसला मी हजर असेन." त्या ताईंशी खरोखर आधी बोलून ठेवा. त्या बदल्यात दिवाळीत त्यांचं टेबल तुम्ही सांभाळाल, हेही आताच कबूल करा. आणि तुमचं टेबल सोडताच येणार नाही अशा दिवसांत, म्हणजे तपासणी किंवा लेखापरीक्षण लागलं असेल तेव्हा, रजा मागत असाल, तर साहेबांनी सांगण्याआधी तो विषय तुम्हीच काढा.

परतीच्या बाबतीत एक विनंती. रविवारी रात्री मुंबईत उतरून सोमवारी दहाला टेबलावर बसू, असा बेत आखू नका. जुलैत कसारा घाटात पावसानं गाड्या थांबतात हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? आपल्या उदाहरणातली आई शनिवारीच उतरते, त्यामागं हेच कारण. मंजूर रजेपेक्षा जास्त राहिलात तर त्या दिवसांचा पगार मिळत नाही, शिवाय शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते. विमान रद्द झालं तर त्याच दिवशी, रजा संपायच्या आत, ईमेलनं कळवा आणि विमान कंपनीचा संदेश जोडा. "आल्यावर सांगू" हे चालत नाही.

खासगी कारखान्यात नोकरी असेल, तर देशाबाहेर जायच्या परवानगीचा हा भाग नसतो. बाकी तारीख, कामाची सोय आणि परतीचा दिवस, हे अंबड-सातपूरच्या मॅनेजरलाही तेवढंच लागतं. फक्त तुमच्या कंपनीत रजेचा नियम काय आहे, हे एचआरकडून लेखी घ्या.

आणि नाहीच जमलं तर? नकार लेखी मागा, कारणासकट. मग बारा दिवसांऐवजी समारंभापुरते पाच दिवस मागून पाहा. नणंद रुसणार नाही, तिच्याही नोकरीत हेच असतं. नवरा-बायको दोघंही नोकरीत असाल आणि एकालाच सुटता येत असेल, तर कोण जाणार हे मुलीला ठरवू द्या. पुष्कळ विद्यापीठं समारंभ इंटरनेटवर थेट दाखवतात, तेव्हा राहिलेल्यालाही लेकीचं नाव पुकारलेलं घरबसल्या ऐकता येईल. पण हे सगळं पुढचं. आज संध्याकाळी एवढंच करा: मुलीला फोन लावा आणि तिची नोंदणी झाली का, विचारा.